पार्लर आठव्या गल्लीत, पिन नवव्या गल्लीत

लग्नासाठी कोल्हापुरात आलेल्या पाहुणीला संध्याकाळच्या रिसेप्शनआधी केस बांधून, साडी नेसवून देणारं कुणीतरी हवं असतं. घरातल्या मोठ्या बायका तयारीत गुंतलेल्या, त्यामुळे ती मोबाइल काढते आणि beauty parlour near me असं टाइप करते. वर नकाशा आणि त्याखाली तीन नावं येतात. बहुतेक जण त्या तिघांतलंच एक निवडतात, फोन लावतात किंवा ‘दिशा’ दाबून निघतात. बाकीची नावं पाहायची तर आणखी एकदा बोट टेकवावं लागतं, आणि घाईत असलेलं माणूस तेवढंही करत नाही.

ही तीन नावं कशी ठरतात, हे गूगलने स्वतःच सांगितलेलं आहे. पहिलं, शोधणाऱ्याने जे मागितलं ते तुमच्याकडे मिळतं का. दुसरं, शोधणारा उभा आहे तिथून तुमचं दुकान किती लांब. तिसरं, तुमचं दुकान किती जाणतं आहे. त्यात रिव्ह्यूंची संख्या, तारे आणि इंटरनेटवर इतरत्र आलेले उल्लेख धरले जातात. पैसे देऊन या यादीत वर जाता येत नाही. जाहिरात देता येते, पण ती जाहिरात म्हणूनच दिसते. यातलं अंतर आपल्या हातात नाही. राजारामपुरीतलं पार्लर कसबा बावड्यात उभ्या असलेल्या मुलीला सहसा पहिल्या तिघांत दिसणार नाही, आणि दिसावं म्हणून खटपट करण्यात अर्थही नाही. पार्लरला जगवतात आजूबाजूच्या गल्ल्या. तेव्हा कामाचा प्रश्न एवढाच, की दोन गल्ल्या पलीकडे शोधणाऱ्या बाईला आपण दिसतो का, आणि दिसलो तर ती दारापर्यंत पोचते का.

यासाठी एक नमुन्याचं पार्लर घेऊ. ते कुठल्या एकीचं नाही, पण त्यातली प्रत्येक अडचण रोज कुणा ना कुणाच्या वाट्याला येते. राजारामपुरीत गल्ल्यांना आकडे आहेत, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. आमचं पार्लर आठव्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. जिना इमारतीच्या बाजूने. काही वर्षांपूर्वी ते नवव्या गल्लीत भाड्याच्या गाळ्यात होतं. तिथे असताना कुणीतरी गूगलवर नोंद करून दिली. जागा बदलल्यावर ‘ऑनलाइनचं बघतो’ म्हणणाऱ्या एका माणसाने दुसरी नोंद केली. आता नकाशावर या एका पार्लरच्या दोन खुणा आहेत. जुनीवर बरेच रिव्ह्यू आहेत पण पत्ता चुकीचा. नवीवर पत्ता बरा पण रिव्ह्यू नाहीत. गिऱ्हाईक अर्थातच रिव्ह्यू असलेली नोंद निवडतं आणि नवव्या गल्लीत, आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेल्या गाळ्यासमोर जाऊन उभं राहतं.

सुरुवात इथून करावी लागते, आणि पहिला प्रश्न मालकीचा. या नोंदीला गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात. आधी तिचं नाव गूगल माय बिझनेस होतं, ते २०२१ मध्ये बदललं. ती फुकट असते. दुकानाच्याच गूगल खात्यात लॉग-इन करून शोधपट्टीत पार्लरचं नाव टाकलं, की मालकाला तिथेच दुरुस्तीची बटणं दिसतात. ती दिसली नाहीत, तर नोंद दुसऱ्याच्या ई-मेलवर आहे असं समजावं. मग business.google.com वर जाऊन मालकीची मागणी करता येते. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्याने काहीच कळवलं नाही, तर बऱ्याचदा पडताळणी करून नोंद स्वतःकडे घेता येते. एखाद्या माहितगाराची मदत घ्यायला हरकत नाही, पण त्याला ‘मॅनेजर’ म्हणून जोडावं आणि मालकी आपल्या खात्यावरच ठेवावी. दुकानाची किल्ली आपण कुणाला कायमची देत नाही, तसंच हे. आणि ‘गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर नोंद काढून टाकू’ असा फोन आला, तर तो सरळ ठेवून द्यावा. नोंद चालू ठेवण्यासाठी गूगल पैसे घेत नाही.

दोन नोंदींचं काय करायचं? मोह होतो तो जुनी पुसून टाकण्याचा. तसं करू नये, कारण वर्षानुवर्षं मिळालेले रिव्ह्यू तिच्यावर आहेत. जुन्या नोंदीचाच पत्ता बदलून आठव्या गल्लीचा करावा आणि नवी नोंद ही तिचीच दुसरी प्रत आहे, असं गूगलच्या मदत विभागाला कळवून दोन्ही एकत्र करून घ्याव्यात. पत्ता बदलला की गूगल पुन्हा पडताळणी मागण्याची शक्यता असते. सध्या ती बहुतेक वेळा व्हिडिओने होते, आणि हाच टप्पा अनेकींना अडकवतो. व्हिडिओ सलग असावा लागतो, मध्ये कापाकापी चालत नाही, आणि तो किमान तीस सेकंदांचा हवा. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सुरुवात करावी. रस्त्याच्या नावाची पाटी किंवा शेजारची दुकानं दिसू द्यावीत. मग जिना, पार्लरची पाटी, कुलपात किल्ली घालून उघडलेलं दार, आतल्या खुर्च्या, स्टीमर, बेसिन आणि शेवटी गल्ल्याचा ड्रॉवर किंवा दुकानाचा परवाना. जागा खरी आहे, धंदा खरा आहे आणि तो चालवणारी मीच आहे, या तीन गोष्टी व्हिडिओतून दिसायला हव्यात. गिऱ्हाइकांचे चेहरे त्यात नकोत, म्हणून सकाळी दुकान उघडतानाच हा व्हिडिओ काढलेला बरा.

आता पिन. पत्ता अक्षरांत बरोबर लिहिला, की नकाशावरची खूणही आपोआप बरोबर पडते, असा समज आहे. आपल्याकडचे पत्ते ‘अमक्या मंदिरामागे, तमक्या बँकेसमोर’ असे असतात. ते वाचून गूगल अंदाजाने खूण ठेवतं, आणि तो अंदाज एखाद्या गल्लीने हुकला तर गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जातं. आमच्या पार्लरच्या बाबतीत दोन इमारतींच्या पाठी एकमेकींना लागून आहेत. खूण इमारतीच्या मागच्या कडेला पडली, तर नकाशाला जवळचा रस्ता नवव्या गल्लीचा वाटतो आणि तो तिथेच नेऊन सोडतो. उपाय हाताने करायचा: पत्त्याच्या दुरुस्तीत जाऊन नकाशा वरून काढलेल्या छायाचित्राच्या रूपात पाहावा, खूण बोटाने ओढावी आणि इमारतीच्या मधोमध न ठेवता जिन्याच्या तोंडाशी ठेवावी.

खूण बरोबर पडली का, हे दुकानात बसून कळत नाही. दोन चौक लांब जावं, दुसऱ्या कुणाच्या फोनवर ‘दिशा’ दाबावं आणि आवाज सांगेल तसंच चालावं. ‘तुम्ही पोचलात’ हे शब्द जिन्यासमोर ऐकू आले पाहिजेत. ही तपासणी स्कूटरवरूनही एकदा करावी, कारण एकेरी रस्ता आणि दुभाजक यांमुळे गाडीचा मार्ग पायी मार्गापेक्षा वेगळा निघतो. खूण ठरली की त्या जागेचा प्लस कोड गूगल मॅप्सवर मिळतो. अक्षरं आणि आकडे मिळून बनलेला हा कोड साधारण चौदा मीटर लांबी-रुंदीचा एक चौकोन दाखवतो. व्हॉट्सॲपवर पत्ता पाठवताना तो खाली जोडला, की गल्लीच्या आकड्याचा गोंधळ उरत नाही. मजला मात्र त्यातून कळत नाही. म्हणून ‘पहिला मजला, जिना बाजूने’ हे पत्त्याच्या ओळीत लिहावंच.

नावाबद्दल गूगलचा नियम कडक आहे: पाटीवर जे आहे तेच. त्या ऑनलाइनवाल्याने पार्लरच्या नावापुढे ‘बेस्ट ब्रायडल मेकअप राजारामपुरी कोल्हापूर’ असं शेपूट लावून ठेवलं होतं. अशा शेपटाने काही काळ नोंद वर येते हे खरं आहे, आणि म्हणूनच ते लावणारे पुष्कळ आहेत. पण कुणीही तक्रार केली की नाव छाटलं जातं, कधी अख्खी नोंदच निलंबित होते. ती लग्नसराईत निलंबित झाली, तर परत मिळेपर्यंत हंगाम संपलेला असतो. शेपूट काढून टाकणंच शहाणपणाचं.

‘काय मिळतं’ हे सांगायची जागा नाव नसून वर्ग आहे. एक मुख्य वर्ग आणि त्याशिवाय नऊपर्यंत जादा वर्ग देता येतात. आमच्या पार्लरचा मुख्य वर्ग त्या माणसाने Spa ठेवला होता, कदाचित ते भारी वाटतं म्हणून. परिणाम असा, की रात्री दहानंतर पुरुषांचे ‘मसाज होतो का?’ असे फोन. या फोनांना कंटाळून कित्येक जणी नंबरच बंद करून ठेवतात, आणि मग खऱ्या गिऱ्हाइकाचाही फोन लागत नाही. मुख्य वर्ग Beauty salon करावा, जोडीला Hair salon आणि नवरीचं काम करत असाल तर Make-up artist. ७५० अक्षरांचं वर्णन लिहायला जागा असते. तिथे ‘फक्त महिलांसाठी’ हे पहिल्याच वाक्यात, साध्या मराठीत लिहावं. घरी जाऊन मेकअप करणाऱ्या, पण स्वतःच्या घरी गिऱ्हाईक न घेणाऱ्या बाईने पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवावा. तशी सोय आहे, आणि घराचा पत्ता जगजाहीर होण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

वेळेबद्दल थोडक्यात. सुट्टीचा वार नोंदीत असावा आणि सणाच्या वेळा वेगळ्या भराव्यात. दिवाळीच्या आधी पार्लर रात्री उशिरापर्यंत चालतं, पाडव्याला बंद असतं. हे भरलं नाही, तर सणाच्या दिवशी गूगल ‘वेळा वेगळ्या असू शकतात’ अशी सूचना दाखवतं, आणि ती वाचून निम्मी माणसं पुढच्या नावाकडे वळतात असं समजायला हरकत नाही. आणखी एक लक्षात ठेवावं, की नकाशावर कुणीही बदल सुचवू शकतं. ‘कायमचं बंद’ असं कुणी सुचवलं आणि ते मान्य झालं, तर दुकान उघडं असून नकाशावर बंद दिसतं. म्हणून आठवड्यातून एकदा स्वतःचं नाव शोधून नोंद डोळ्यांखालून घालावी.

आता फोटो. पार्लरच्या नोंदींवर बहुतेक वेळा क्रीम कंपनीच्या पोस्टरवरची परदेशी मॉडेल आणि ऑफरची रंगीत पत्रकं असतात. शोधणाऱ्या बाईला त्यातलं काहीच नको असतं. तिला तीन गोष्टी पाहायच्या असतात: दार कसं ओळखायचं, आत स्वच्छता कशी आहे आणि काम कसं होतं. म्हणून पहिला फोटो रस्त्यावरून काढावा, गिऱ्हाईक ज्या बाजूने येतं त्या बाजूने, ज्यात शेजारचं दुकान आणि जिना दोन्ही दिसतील. दुसरा जिन्याच्या तोंडाचा. संध्याकाळी उजेडी पाटी लागल्यावर तोच फोटो पुन्हा काढावा, कारण पार्लरला येणाऱ्या पुष्कळ जणी ऑफिस सुटल्यावर येतात आणि अंधारात इमारत वेगळी दिसते. आतला फोटो सकाळी, फरशी पुसल्यावर, ट्यूबलाइट लावून आणि खिडकी उघडून. आरसे समोर असतात, त्यामुळे फोटो काढणारी त्यात दिसते. थोडं तिरपं उभं राहिलं की हे टळतं. धुतलेले टॉवेल, एकदा वापरून टाकायच्या वॅक्सिंग पट्ट्या, झाकलेली हत्यारं हे फोटो नवरीच्या फोटोइतकेच कामाचे आहेत.

फोटो जेपीजी किंवा पीएनजी असावा, पाच एमबीपेक्षा मोठा नसावा, आणि ७२० बाय ७२० पिक्सेल असला की पुरे. साध्या फोनवरचा फोटो चालतो. फिल्टर लावू नये. आधी आणि नंतरचा फोटो दाखवायचा असेल, तर दोन्ही वेळी गिऱ्हाइकाला त्याच खुर्चीत, त्याच दिव्याखाली बसवावं. नाहीतर फरक केसांचा आहे की उजेडाचा हे कळत नाही आणि पाहणारीचा विश्वास बसत नाही. चेहरा दिसणार असेल तर आधी विचारावं, आणि ‘हो’ व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं. लग्न ठरलेल्या मुलीचा फोटो तिच्या घरच्यांना न विचारता नकाशावर गेला, तर होणारी भांडणं किती टोकाला जातात हे पार्लरवाल्यांना ठाऊक आहे. पाठमोरी वेणी, अंबाडा, मेंदी काढलेला हात यांतूनही काम दिसतं. गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो आपल्याला काढता येत नाहीत, फक्त नियमांविरुद्ध असतील तर तक्रार करता येते. तेव्हा आपलेच चांगले फोटो नोंदीवर भरपूर असलेले बरे, आणि ते एकदम टाकण्यापेक्षा दर महिन्याला दोन-चार टाकत राहावं.

सगळ्यात अवघड भाग रिव्ह्यूंचा, कारण तो दुसऱ्याने करायचा असतो. आमच्या पार्लरच्या नव्या नोंदीवर भाचे, पुतण्या आणि मदतनीस मुली यांनी एका संध्याकाळी पाच-पाच तारे देऊन टाकले. यात वाईट हेतू नव्हता, पण मालक, नोकर आणि घरच्यांनी आपल्याच दुकानाला दिलेला रिव्ह्यू गूगलच्या नियमांत बसत नाही. एकदम आलेले असे रिव्ह्यू काही दिवसांनी गायब होतात. प्रकार वाढला, तर गूगल काही काळ नवे रिव्ह्यू थांबवतं, जुने काढतं, आणि खोटे रिव्ह्यू सापडल्याची सूचनाही त्या नोंदीवर लावू शकतं. ‘पाच तारे द्या, थ्रेडिंग फुकट’ ही ऑफरही नियमबाह्य आहे. आणि तितकंच नियमबाह्य, पण फारसं कुणाला माहीत नसलेलं, म्हणजे आधी ‘आवडलं का?’ विचारून फक्त खूश गिऱ्हाइकांनाच लिंक पाठवणं. भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. ते काढलं तेव्हा ऐच्छिक होतं, पण त्याचा गाभा हाच आहे: रिव्ह्यू खऱ्या गिऱ्हाइकाचा असावा आणि गोळा करताना वशिला नसावा.

मग मागायचं कसं? प्रत्येकीला आणि सरळ. प्रोफाइलमध्ये रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड तयार मिळतो. तो छापून पैसे देण्याच्या क्यूआरच्या शेजारी ठेवला तर गोंधळ होतो. पैशाचा समजून बायका तोच स्कॅन करतात. तो आरशाच्या कोपऱ्यात, ‘गूगलवर दोन शब्द लिहा’ एवढ्या मजकुरासह लावावा. केस बघून झाले, आरसा मागे धरून दाखवला, की मालकिणीने स्वतः म्हणावं, ‘‘ताई, कसं वाटलं ते गूगलवर लिहाल का? काही कमी वाटलं असेल तर तेही लिहा.’’ वयाने मोठ्या बाईला ‘काकू’, जिची आधी ओळख नाही तिला ‘मॅडम’; पण विनंती तीच, आणि ती हातात फोन घेऊन उभं न राहता करावी. संध्याकाळी लिंक व्हॉट्सॲपवर पाठवावी, एकदाच. दुसऱ्यांदा आठवण करू नये. पार्लरच्या फोनवरून त्यांच्या वतीने लिहून देऊ नये. आणि त्यांचे शब्द त्यांचेच राहू द्यावेत. ‘माझ्या मुलीच्या कुरळ्या केसांना न ओढता विंचरलं’ असं कुणी लिहिलं, तर कुरळ्या केसांसाठी पार्लर शोधणाऱ्या दुसऱ्या आईला गूगल नेमकी तीच ओळ दाखवू शकतं. ‘नाइस सर्व्हिस’ने हे होत नाही.

ताऱ्यांचं गणित एकदा मांडून पाहण्यासारखं आहे, त्याने भीती जाते. बारा जणींनी पाच-पाच तारे दिले आणि तेराव्या बाईने एक दिला, तर सरासरी ४.७ होते. साठ जणींनंतर एकीने एक दिला, तर ती ४.९ राहते. वाईट रिव्ह्यू टाळता येत नाहीत, पण सगळ्यांना मागत गेलं की एकटीचं वजन कमी होत जातं. रोज आठ-दहा गिऱ्हाइकं असलेल्या पार्लरमध्ये आठवड्याला एक-दोघींनी लिहिलं तरी वर्षात संख्या भरते.

आणि तो एक तारा आलाच, तर? समजा लिहिलं आहे, ‘सांगूनही केस जास्त कापले. पुन्हा येणार नाही.’ पहिल्या रागात उत्तर लिहू नये. एक रात्र जाऊ द्यावी आणि असं काही लिहावं: ‘‘ताई, तुम्हाला हवे तेवढेच केस राहायला हवे होते, ते झालं नाही याचं वाईट वाटतं. आता कापण्याआधी कंगव्याने लांबी दाखवून विचारायचं असं आम्ही ठरवलं आहे. तुम्हाला वेळ असेल तेव्हा फोन करा, आकार नीट करून देऊ.’’ या उत्तरात गिऱ्हाइकाचं नाव नाही, तिने आणखी कोणती कामं करून घेतली त्याचा उल्लेख नाही, ‘तुम्हीच उशिरा आलात’ नाही. हे उत्तर तिच्याइतकंच, ती ओळ वाचून फोन लावायचा की नाही हे ठरवणाऱ्या अनोळखी बाईसाठी लिहायचं असतं. रिव्ह्यू देणारी कधी आलीच नव्हती असा संशय असेल, तर तक्रार करता येते आणि ती फेटाळली तर एकदा अपीलही. पण खरं काय घडलं याचा निवाडा गूगल करत नाही. शिवीगाळ, जाहिरात, भलत्याच दुकानाबद्दलचा मजकूर असं काही असेल तरच काढलं जातं. म्हणून शंका असली तरी सभ्य उत्तर लिहून ठेवावंच: ‘‘या तारखेची नोंद आमच्या वहीत सापडत नाही, कृपया फोन करून कळवा.’’

एवढं करून फरक पडला का, हे प्रोफाइलमधल्या ‘कामगिरी’च्या पानावर दिसतं. किती जणांनी फोन केला, किती जणांनी दिशा मागितली, आणि कोणते शब्द लिहून लोक तुमच्यापर्यंत आले. रोज पाहू नये; महिन्याची मागच्या महिन्याशी तुलना करावी, आणि लग्नसराईचा महिना पावसाळ्याच्या महिन्याशी तोलू नये. शोधशब्दांची यादी महिन्याने येते आणि ती वाचण्यासारखी असते. लोक पार्लरचं नावच लिहून येत असतील, तर ती ओळखीचीच गिऱ्हाइकं आहेत. ‘ब्युटी पार्लर’, ‘ब्रायडल मेकअप’ असे शब्द लिहून येऊ लागली, की नवी माणसं सापडायला लागली. दिशा मागणारे वाढले आणि फोन मात्र ‘तुमचं दुकान नक्की कुठे आहे?’ असेच येत राहिले, तर पुन्हा दोन चौक लांब जाऊन पिन तपासावी.